घरात माणसं किती? उत्तर एकच यावं म्हणून केलेला खटाटोप

२०२७ च्या जनगणनेमुळे एक साधा प्रश्न पुन्हा दारोदारी विचारला जाणार आहे : तुमच्या घरात माणसं किती? यात अवघड ते काय, असं वाटतं. पण हाच प्रश्न एकाच घरात दोन वेगवेगळ्या प्रगणकांना विचारायला लावा. एक पाच लिहून आणेल, दुसरा सात. दोघंही प्रामाणिक असतील, घरातल्या बाईनं दोघांनाही खरंच सांगितलेलं असेल. एकानं पुण्याला नोकरी करणारा मुलगा धरला, दुसऱ्यानं नाही. एकानं बाळंतपणाला आलेली लेक पाहुणी म्हणून सोडली, दुसऱ्यानं समोर बसली आहे म्हणून लिहिली.

म्हणून प्रगणकाच्या हातात फॉर्म किंवा मोबाइल देण्याआधी त्याला व्याख्या द्यावी लागते. ही व्याख्या तुमचं कुटुंब खरं कोणतं हे ठरवायला केलेली नसते. ते ठरवण्याचा अधिकार सरकारला नाही आणि त्याला त्यात रसही नाही. तिचं काम दोन गोष्टींपुरतं आहे. देशातला प्रत्येक माणूस एकदाच मोजला जावा आणि गडचिरोलीतल्या प्रगणकानं जे लिहिलं असतं तेच मुंबईतल्यानं लिहावं. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे विचित्र वाटणारे नियम बरेचसे उलगडतात.

## एक चूल, एक कुटुंब

आपल्या जनगणनेत कुटुंबाची व्याख्या साधारण अशी आहे : सर्वसाधारणपणे एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणाऱ्या माणसांचा गट, त्यातल्या एखाद्याला कामाच्या निकडीमुळे तसं जेवता येत नसेल तरी तो त्याच गटातला.

या व्याख्येत रक्ताच्या नात्याचा उल्लेख नाही. एका फ्लॅटमध्ये राहून एकत्र स्वयंपाक करणाऱ्या चार मैत्रिणी हे एक कुटुंब झालं. घरातच राहून घरातलंच जेवणारी मोलकरीण त्या घराच्या यादीत येते. उलट एकाच वाड्यात, एकाच दारातून जा-ये करणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या असतील तर ती दोन कुटुंबं. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले हे आपण चुलीवरूनच ओळखतो, त्यामुळे मराठी प्रगणकाला हा भाग शिकवावा लागत नाही. घोळ होतो तो इतर ठिकाणी.

रात्रपाळीचा वॉचमन कंपनीच्या गेटवर डबा खातो. शेतकरी पिकाची राखण करायला रात्री मळ्यात झोपतो. हे दोघंही आपापल्या घरच्याच यादीत राहतात, कारण कामाच्या निकडीची सवलत त्यांच्यासाठीच ठेवलेली आहे.

आता पुण्यात किंवा चाकणला एकाच खोलीत राहणारी तीन पोरं घ्या. खोलीत गॅस नाही. एक खानावळीत जेवतो, दुसऱ्याचा डबा येतो, तिसऱ्याला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवण मिळतं. जनगणनेच्या नियमानं खोली एक असली तरी कुटुंबं तीन, कारण छप्पर एक असलं तरी चूल एक नाही. उद्या तिघांनी मिळून शेगडी आणली आणि आळीपाळीनं भात लावायला लागले, तर त्याच तिघांचं एक कुटुंब होईल.

पण केंद्र सरकारचंच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण इथं वेगळी वाट धरतं. बेरोजगारी आणि घरखर्चाचे आकडे ज्या पाहण्यांमधून येतात, त्या या सर्वेक्षणाच्या. त्याच्या व्याख्येतही एकत्र राहणं आणि एक स्वयंपाकघर हे दोन्ही निकष आहेत. मात्र दोन्हींत विरोध आला तर एकत्र राहण्याला जास्त वजन द्यावं, असं त्याच्या सूचना सांगतात. त्यालाही एक अपवाद आहे. घरात जागा नाही म्हणून एखादा माणूस दुकानात किंवा दुसऱ्या घरात झोपत असेल, पण जेवायला घरच्यांबरोबरच असेल, तर तो घरच्यांतलाच.

माझ्या मते व्याख्येचा कस इथेच लागतो. एकत्र राहतात आणि एकत्र जेवतात, हे कोणीही लिहील. राहतात पण जेवत नाहीत किंवा जेवतात पण राहत नाहीत, तेव्हा कोणत्या निकषानं मागे सरायचं हे आधीच लिहून ठेवलेलं नसेल, तर ते प्रत्येक प्रगणक दारात उभ्या उभ्या आपापल्या मनानं ठरवतो.

## "सर्वसाधारणपणे" म्हणजे किती दिवस?

व्याख्येतला सगळ्यात घसरडा शब्द "सर्वसाधारणपणे" हा आहे. दर शनिवारी घरी येणारा मुलगा सर्वसाधारणपणे घरी राहतो का? आई म्हणेल हो, खोलीचा मालक म्हणेल नाही. म्हणून या शब्दाच्या जागी कॅलेंडर आणावं लागतं.

माणसं मोजण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. लग्नात जेवणारे किती हे तुम्ही पंगतीत बसलेली पानं मोजून सांगू शकता किंवा आमंत्रणाची यादी पाहून. पंगत मोजली तर आगंतुकही मोजले जातात आणि जे आले नाहीत ते सुटतात. यादी पाहिली तर न आलेलेही मोजले जातात. माणूस सापडला तिथे मोजणं ही पहिली रीत, माणूस जिथला तिथे मोजणं ही दुसरी.

भारतात १९३१ पर्यंत पंगतीचीच रीत होती. सगळ्या देशाची मोजणी एकाच रात्री व्हायची. जो जिथे असेल तिथे, अगदी रेल्वेतल्या प्रवाशांचीही. त्यासाठी प्रगणकांची प्रचंड फौज एकाच रात्री उभी करावी लागे. १९४१ पासून ही रीत बदलली आणि दोन्हींचा मिलाफ असलेली पद्धत आली : पंगतच, पण एका रात्रीऐवजी काही आठवडे चालणारी.

२०११ मध्ये हा काळ ९ ते २८ फेब्रुवारी असा वीस दिवसांचा होता. मोजणी ज्या क्षणाची मानायची तो क्षण होता १ मार्चच्या मध्यरात्रीचा ००:०० चा ठोका. २०२७ साठीही बर्फाळ प्रदेश सोडून बाकी देशाकरता १ मार्च २०२७ ची मध्यरात्र ठरवण्यात आली आहे. पुढची उदाहरणं मी २०११ च्या नियमांवर आणि तारखांवर मांडतो, कारण नियमाचा पीळ त्यात स्पष्ट दिसतो.

त्या वीस दिवसांच्या हिशेबानं घराच्या यादीत चार प्रकारची माणसं येत होती. पूर्ण काळ घरी असलेली माणसं, हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार त्या घरच्याच माणसांचा, जी या काळात काही दिवस तरी घरी होती पण प्रगणक आला तेव्हा बाहेर होती. तिसऱ्या प्रकारात घरचीच पण बाहेर असलेली आणि २८ तारखेपर्यंत परतणार आहेत अशी माणसं. चौथा प्रकार पाहुण्यांचा, पण सगळ्या पाहुण्यांचा नाही. जो पाहुणा हे सगळे वीस दिवस आपल्या नेहमीच्या घरापासून दूर आहे, तोच यजमानाच्या यादीत लिहायचा.

थोडक्यात, या वीस दिवसांत एक दिवस जरी तुम्ही आपल्या नेहमीच्या घरी राहिलात तर तिथे मोजले जाणार. एकही दिवस राहिला नाहीत, तर जिथे सापडाल तिथे. नियम रुक्ष आहे, पण त्याच्यामुळे कोणीही दोन्हीकडे बसत नाही आणि कोणी दोन्हीकडून सुटत नाही. निदान कागदावर तरी.

## पार्वतीबाईंचं घर

आता एक घर घेऊ. घर काल्पनिक आहे, पण बीड जिल्ह्यात अशी घरं गावोगाव सापडतील. शिरूर कासार तालुक्यातलं गाव, महिना फेब्रुवारीचा. घरात पासष्टीच्या पार्वतीबाई आहेत आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. थोरला मुलगा आणि सून दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये मुकादमाची उचल घेऊन करवीर तालुक्यात ऊसतोडीला गेलेत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की एप्रिलच्या सुरुवातीला परततील. धाकटा दोन वर्षांपासून चाकणच्या कंपनीत आहे, मित्रांबरोबर खोली करून राहतो, महिन्यातून दोनदा गावी येतो. लेक जामखेडला दिली आहे. ती जानेवारीत पहिल्या बाळंतपणाला आली आहे आणि मे महिन्यापर्यंत राहील.

पार्वतीबाईंना विचारलं तर त्या म्हणतील, आम्ही सहा जण : मी, दोन मुलगे, सून, दोन नातवंडं. लेक दिल्या घरची, ती त्या धरणार नाहीत. त्यांच्या दृष्टीनं हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे.

जनगणनेच्या नियमानं पाहू. पार्वतीबाई आणि नातवंडं पूर्ण काळ घरी, म्हणजे तीन. मुलगा-सून वीसही दिवस घरापासून दूर, म्हणून ती दोघं इथे नाहीत. त्यांना करवीर तालुक्यात, त्यांची कोपी, म्हणजे फडाजवळची झोपडी, ज्या प्रगणकाच्या हद्दीत येते त्यानं लिहायचं. धाकट्याचं नेहमीचं घर आता चाकण. तो मधल्या शनिवारी गावी आला तरी पाहुणाच, आणि पूर्ण काळ चाकणबाहेर नसल्यामुळे गावात मोजायचा पाहुणाही नाही. लेक मात्र वीसही दिवस सासरपासून दूर, म्हणून ती माहेरच्या यादीत. एकूण चार. पार्वतीबाईंनी धरलेले तिघं सुटले आणि न धरलेली एक आत आली.

त्याच आठवड्यात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा माणूस दारात आला तर? त्याच्या नियमात कॅलेंडर वीस दिवसांचं नाही, सहा महिन्यांचं आहे. एकूण गैरहजेरी सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर माणूस घरचाच, आणि एकूण मुक्काम सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर पाहुणा पाहुणाच. नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात, म्हणजे पाचेक महिने. मुलगा-सून आत आले. लेक जानेवारी ते मे, म्हणून ती बाहेर, सासरच्या यादीत. धाकटा इथेही नाही. एकूण पाच.

सहा, चार आणि पाच. तीन उत्तरं, आणि एकही चुकीचं नाही. मात्र एक नियम घेतला की उत्तर एकच यायला हवं, मग विचारणारा कोणीही असो.

शेजारचं घर बघा. तिथलं जोडपं ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात गेलं आणि हंगाम लांबल्यामुळे एप्रिलअखेरीपर्यंत यायचं नाही. सहा महिने उलटले, म्हणून नमुना सर्वेक्षणाच्या यादीतून ते बाहेर पडतं. टोळी तीच, कारखाना तोच, उसाचा फडही कदाचित तोच. रेषा कुठेही आखली तरी तिच्या दोन बाजूंना अशी सारखीच घरं येतात आणि प्रगणकाला वाटतं की हे बरोबर नाही, थोडं समजून घेऊ. त्यानं समजून घेतलं की व्याख्या संपली.

## मधेच कोणी घरी आलं तर?

जनगणनेच्या नियमाची अवघड जागा ऊसतोडीतच सापडते. समजा करवीरचा प्रगणक ११ फेब्रुवारीला कोप्यांवर गेला. त्यानं विचारलं, महिनाअखेरपर्यंत इथेच आहात ना? पार्वतीबाईंचा मुलगा म्हणाला, हो, पट्टा पडेपर्यंत हलत नाही. त्याला तिथे लिहिलं, आणि त्या दिवशी ते बरोबरच होतं. २० तारखेला गावात चुलत्याचं निधन झालं. तो एकटाच रात्रीच्या गाडीनं गावी आला, दोन दिवस राहिला आणि परत फडावर गेला. २१ ला गावातला प्रगणक घरी आला, तेव्हा घरचा माणूस समोर बसलेला.

नियमाप्रमाणे तो आता गावचा, कारण मोजणीच्या काळात तो नेहमीच्या घरी राहिला. गावच्या प्रगणकानं त्याला लिहिलं तर काही चुकलं नाही. पण करवीरच्या यादीतलं नाव आपोआप खोडलं जात नाही. माणूस एक, नोंदी दोन. बायको मात्र कोपीतच राहिली, म्हणून ती करवीरचीच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाच्या हिशेबात ती एकच. जनगणनेत मात्र तिची दोन जिल्ह्यांत वाटणी झाली.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, दोन्हीकडच्या प्रगणकानं प्रत्येक पाहुण्याला आणि प्रत्येक परतलेल्याला विचारायचं की तुमची नोंद दुसरीकडे कुठे झाली आहे का. दुसरा म्हणजे फेरतपासणीची फेरी. २०११ मध्ये ती १ ते ५ मार्च अशी झाली. या पाच दिवसांत प्रगणक आपल्या हद्दीतल्या घरी पुन्हा जातो आणि यादी १ मार्चच्या मध्यरात्रीला जुळवतो. त्याआधी जन्मलेलं आणि यादीत नसलेलं बाळ वाढवायचं, त्याआधी वारलेल्या माणसाचं नाव काढायचं. मध्यरात्रीनंतर पाच मिनिटांनी जन्मलेलं बाळ मात्र यादीत येत नाही. आणि ज्यांना कुठेच घर नाही, फुटपाथवर किंवा पुलाखाली झोपतात, त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री करायची, कारण दुसऱ्या दिवशी ते कुठे असतील याचा नेम नाही. म्हणजे जुनी एका रात्रीची रीत आजही त्यांच्यापुरती शिल्लक आहे.

एवढं करूनही गळती राहतेच. २०११ च्या जनगणनेनंतर नमुना भागांत पुन्हा स्वतंत्र मोजणी करून पाहिली, तेव्हा दर हजारी २३ माणसं निव्वळ सुटल्याचं दिसलं. दोनदा मोजलेले वजा करून हा आकडा येतो, म्हणजे सुटलेले प्रत्यक्षात त्याहून जास्त.

## पण एकानं फरक पडतो तरी किती?

एका घरात चार लिहिले काय आणि पाच लिहिले काय, असं वाटू शकतं. घरखर्चाच्या पाहणीत हा फरक कसा बोलतो ते बघा. समजा पार्वतीबाईंच्या घरचा महिन्याचा खर्च १२,००० रुपये निघाला. चौघांत वाटला तर माणशी ३,००० येतो, पाच जणांत वाटला तर २,४००. घर तेच, पण एका हिशेबात ते गरिबीच्या रेषेपासून बरंच दूर जातं.

त्याहून खोल अडचण वरच्या आकड्यात आहे. मुलगा-सून यादीत धरले तर कोपीत त्यांनी खाल्लेल्या भाकरीचा, चहा-साखरेचा, मोबाइलच्या रिचार्जचा खर्चही घरखर्चात यायला हवा. पार्वतीबाईंना तो माहीत असण्याचं कारण नाही. त्या घरातलाच खर्च सांगणार. मग भागायला माणसं पाच आणि खर्च मात्र तिघा-चौघांचा. घर आहे त्याहून गरीब दिसेल. माणसं धरायची तर त्यांचा खर्च धरायचा, माणसं सोडायची तर खर्चही सोडायचा, हा मेळ राखला नाही तर व्याख्या कितीही चोख असली तरी आकडा फसवा निघतो.

गावाच्या पातळीवर परिणाम वेगळा. मतदारसंघांची फेररचना आणि अन्नसुरक्षेखालच्या धान्याचा कोटा हे जनगणनेच्या आकड्यांवर बेतलेले असतात. ज्या तालुक्यातून हजारो जोडपी फेब्रुवारीत बाहेर असतात, त्याची लोकसंख्या मोजणीच्या काळात खरोखरच कमी असते, आणि तीच आकडेवारी पुढची दहा वर्षं चालते. २०११ ची तर सोळा वर्षं. मोजणी ऑगस्टमध्ये झाली असती तर हेच तालुके भरलेले दिसले असते. फेब्रुवारीत पाऊस नसतो, रस्ते चालू असतात, बहुतेक माणसं घरी सापडतात, म्हणून तो महिना सोयीचा. ऊसतोडीच्या गावांची त्यात गैरसोय होते, हे मान्य करायला हवं.

## व्याख्या कडक केली की भागलं?

सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे व्याख्येत अटी वाढवायच्या. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, पैसा एकत्र, शेती एकत्र. अटी वाढल्या की माणसं गळतील आणि यादी आटोपशीर होईल, असा आपला अंदाज.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात लोरी बीमन आणि अँड्र्यू डिलन या दोन संशोधकांनी हे प्रयोगानं तपासलं. त्यांनी कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि प्रत्येक गटाला कुटुंबाची वेगळी व्याख्या वाचून दाखवली. निष्कर्ष उलटा निघाला. व्याख्येत शब्द वाढले तशी कुटुंबाची यादी वाढली. मला याचं कारण समजण्यासारखं वाटतं. "घरात कोण कोण?" एवढंच विचारलं की माणूस डोळ्यांसमोरची माणसं सांगतो. "कोण एकत्र जेवतं, कोण एकत्र शेती करतं?" असं विचारलं की प्रत्येक शब्दागणिक त्याला आणखी कोणीतरी आठवतं. प्रगणकाला जी अट वाटते, ती ऐकणाऱ्याला आठवणीची खूण ठरते.

म्हणून अनुभवी लोक व्याख्या घरच्यांना वाचून दाखवतच नाहीत. ती प्रगणकाच्या डोक्यात ठेवतात आणि दारात साधे प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत मला यात सर्वात समंजस वाटते. तिथे सुरुवातीलाच एकदम सगळ्यांची नावं घेतात : नेहमी राहणारे आणि काल रात्री इथे झोपलेले पाहुणेसुद्धा. मग प्रत्येक नावापुढे दोन वेगळे प्रश्न. हे नेहमी इथे राहतात का? काल रात्री इथे होते का? दोन्ही उत्तरं नोंदली जातात. कोणाला धरायचं हा निर्णय दारात होत नाही, तो नंतर कार्यालयात, सगळ्या देशासाठी एकाच सूत्रानं होतो. पार्वतीबाईंच्या लेकीपुढे "नेहमी नाही, काल रात्री हो" असं येईल, आणि एवढ्यावर काम भागतं.

यादी झाली की आठवण करून देणारे प्रश्न येतात. आणखी कोणी तान्हं मूल राहिलं का? घरचं नाही पण घरात राहतं असं कोणी आहे का, गडी, मोलकरीण, भाडेकरू, मित्र? कोणी पाहुणा आहे का? हे प्रश्न कंटाळवाणे वाटतात आणि घाईत तेच गाळले जातात. तान्ही बाळं आणि घरात राहणारी कामाची माणसं याच जागी हुकतात, कारण बाळाला अजून नाव नसतं आणि गड्याला कोणी "आमच्यातला" म्हणत नाही.

## रेशनकार्ड आहे की, मग विचारायचं कशाला?

घरी आलेल्या प्रगणकापुढे रेशनकार्ड ठेवून "यातले सगळे लिहा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. कार्डावर नावं आहेत, शिक्का आहे, हुज्जत संपली. पण कार्ड धान्य मिळण्यासाठी असतं. त्यावर लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव वर्षानुवर्षं राहतं आणि नवी सून चढायला वेळ लागतो. दोन भावांची चूल एकच असून कार्डं दोन असतात, आणि चुली वेगळ्या होऊनही कार्ड एकच असतं. प्रगणकानं कार्ड नावांच्या अचूक स्पेलिंगसाठी बघावं, माणसं ठरवण्यासाठी नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा असतो आणि तो मला जास्त अवघड वाटतो. मुलगा अमेरिकेत आहे, घर त्याच्या पैशावर चालतं, आणि त्यालाच घरचा धरायचं नाही? देशाबाहेर असलेला माणूस जनगणनेच्या या यादीत येत नाही. प्रगणकानं इथे वाद घालू नये. नाव सांगू द्यावं आणि विचारावं की सध्या कुठे असतात, कधीपासून, परत कधी येणार. तीन उत्तरांत निर्णय होतो आणि "तुमचा मुलगा घरचा नाही" असं म्हणण्याची वेळ येत नाही.

तिसरा आक्षेप भीतीचा. आम्हाला करवीरला लिहिलं तर गावातलं घर, जमीन, मतदान यांवरचा हक्क जाईल का? नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार या नोंदी गोपनीय असतात, त्या कोणाला पाहता येत नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. भाऊबंदकीतला भाऊ उद्या कोर्टात "जनगणनेत हा इथे नव्हता" असं दाखवू शकत नाही. हे मुकादमांपर्यंत पोहोचलं तर कोप्यांवरची उत्तरं जास्त खरी येतील.

## गडबड झाली हे कळतं कसं?

पर्यवेक्षकाकडे याद्या जमा झाल्या की चूक एका घरात दिसत नाही, ती ढिगात दिसते. एका प्रगणकाच्या गटात एकटी राहणारी माणसं भरपूर आणि शेजारच्या तशाच वस्तीत कमी, तर पहिल्यानं खोली-खोलीतली पोरं वेगळी लिहिली असतील किंवा दुसऱ्यानं सरसकट एकत्र केली असतील. कोणाची चूक ते चार घरं पुन्हा करून कळतं. शून्य वर्षाची बाळं एक वर्षाच्या मुलांच्या मानानं फारच कमी असतील तर शेवटचे प्रश्न विचारलेच गेले नाहीत. ऊसतोडीच्या गावात फेब्रुवारीत तिशीतली जोडपी भरगच्च दिसली तर प्रगणकानं कार्डावरून यादी उतरवली असणार.

आरोग्याच्या पाहण्यांमध्ये आणखी एक खूण जुन्या लोकांना तोंडपाठ असते. १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक बाईची लांबलचक मुलाखत घ्यायची असते. दमलेला प्रगणक पंधरा वर्षांच्या मुलीला चौदा लिहितो, एकोणपन्नासच्या बाईला पन्नास, नाहीतर नावच गाळतो. मग आकड्यांत चौदाच्या मुली अचानक फुगतात आणि पंधराच्या आटतात. व्याख्या सगळ्यांना पाठ असूनही हे होतं, कारण इथे प्रश्न समजुतीचा नसतो, कामाच्या ओझ्याचा असतो. त्यावर प्रशिक्षणापेक्षा पर्यवेक्षकाची अचानक भेट जास्त लागू पडते.

२०२७ मध्ये घरच्यांना स्वतःच पोर्टलवर माहिती भरण्याचीही सोय आहे. म्हणजे पहिला निर्णय प्रगणकाऐवजी घरातला मोबाइल हाताळणारा करणार, बहुधा कॉलेजातलं पोरगं. त्याला प्रशिक्षण कोणी दिलेलं नाही. तो पार्वतीबाईंच्या घरात असता तर सहा नावं टाकून मोकळा झाला असता : धाकटा चाकणहून, भाऊ-वहिनी करवीरहून. चाकणच्या खोलीत आणि कोपीवर तीच नावं पुन्हा चढली असती. पोर्टलवर माहिती भरली तरी प्रगणक दारात येतोच. त्यानं भरलेली सहा नावं पाहून मान डोलवायची नाही. प्रत्येक नावाला विचारायचं, हे आत्ता कुठे आहेत आणि या महिन्यात घरी कधी होते?